खोकल्याचा निरोप: फोनवर बोलण्याआधी डॉक्टरांना काय लिहून पाठवायचं

प्रश्न: आईला आठ दिवसांपासून खोकला आहे आणि तो वाढतच चाललाय. वय 64, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. मेडिकलमधून तीन-चार औषधं आणून दिली, पण उतार नाही. आमचे फॅमिली डॉक्टर उद्या सकाळी फोनवर बोलणार आहेत. "तोवर सगळं व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा," म्हणाले. सगळं म्हणजे नेमकं काय लिहू? आणि त्यांना काय काय विचारू?

उत्तर: आधी एक गोष्ट बघून घ्या. आईला एक वाक्य सलग बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतोय का, ओठ निळसर दिसताहेत का, बेडक्यातून नुसती रेघ नाही तर बऱ्यापैकी रक्त पडतंय का, ती असंबद्ध बोलतेय किंवा उठवूनही झोपेतच राहतेय का, बसल्या जागी ऑक्सिजन 90च्या आसपास किंवा त्याखाली आहे का? यातलं एकही "हो" असेल तर निरोप लिहीत बसू नका, 108ला फोन करा किंवा गाडीत घालून थेट दवाखान्यात न्या. म्हाताऱ्या माणसांत, त्यातून शुगर असेल तर, न्यूमोनियाला कधीकधी ताप फारसा येतच नाही. माणूस नुसता गप्प होतो, जेवण टाकतो, वार विसरतो. घरचे म्हणतात, अशक्तपणा आलाय.

यातलं काही नसेल तर निरोपाकडे वळू. तालुक्याच्या गावात मी पंचवीसेक वर्षं प्रॅक्टिस करतोय. मला येणारे दहांतले आठ निरोप असे असतात: "डॉक्टर, आईला खूप खोकला झालाय, कफ साठलाय, गोळ्या दिल्या पण फरक नाही, जरा स्ट्राँग काहीतरी लिहून द्या." यात खोटं काहीच नाही, पण माझ्या उपयोगाचंही काही नाही. "खूप" म्हणजे किती? "कफ" म्हणजे बेडका पडतोय, की कोरड्या खोकल्याने छाती जड झालीय? आपल्याकडे दोन्हीला कफच म्हणतात. आणि "गोळ्या" कोणत्या? फोनवर मला आईची छाती तपासता येत नाही. त्यामुळे तिथे स्टेथोस्कोपचं बरंचसं काम तुमच्या लिहिण्यावर असतं.

पहिलं म्हणजे तारीख. "आठ दिवस" लिहू नका, "सोमवार 3 नोव्हेंबरपासून" असं लिहा. आठ दिवसांचे दहा कधी होतात ते घरात कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि आम्हाला मात्र दिवस मोजायचे असतात. साध्या विषाणूच्या सर्दीतला ताप बहुतेकदा तीन-पाच दिवसांत उतरतो, खोकला मात्र दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. म्हणजे आठव्या दिवशी नुसता खोकला उरलाय यात विशेष काही नाही. पण तोच खोकला दोन आठवड्यांवर गेला की आपल्या देशात टीबीसाठी बेडका तपासायचाच असतो. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. शुगरवाल्यांना टीबीचा धोका जास्त असतो, म्हणून त्यांच्या बाबतीत हा हिशोब मी काटेकोर ठेवतो.

दुसरं, खोकल्याची चाल. सुरुवातीपासून सारखाच आहे, हळूहळू चढत गेलाय, की मध्ये उतरून पुन्हा उसळलाय? या तिसऱ्या प्रकाराकडे आम्ही कान टवकारून बघतो. सर्दी झाली, तीन-चार दिवसांत माणूस सुधारला, स्वयंपाकाला लागला, आणि मग एका रात्री थंडी वाजून पुन्हा ताप चढला, तर विषाणूने दमवलेल्या छातीत आता जिवाणू शिरला असावा, अशी शंका येते. ही हकीकत कुणी आपणहून सांगत नाही. मधला तो बरा गेलेला दिवस लोक विसरून जातात. तुम्ही तो आठवून लिहा.

"वाढलाय" हे मागच्या आठवड्याशी ताडून सांगा. गेल्या सोमवारी ती एक जिना न थांबता चढत होती का, आज चढते का? रात्री किती वेळा ढास लागून उठते? एका उशीवर झोपते, की आता दोन-तीन उशा लागतात? आडवं झाल्यावर खोकला वाढत असेल आणि पावलं सुजत असतील, तर मला छातीइतकाच हृदयाचाही विचार करावा लागतो. बेडक्याचा रंग लिहा, पण पिवळा-हिरवा झाला म्हणून घाबरू नका. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक लागेलच असं ठरत नाही. रक्ताची रेघ, दुर्गंधी आणि एकदम वाढलेलं प्रमाण मात्र जरूर कळवा.

आता आकडे. ताप लिहिताना शेवटची तापाची गोळी किती वाजता घेतली होती तेही लिहा. पॅरासिटामॉल घेऊन तासाभराने मोजलेला 99 आणि सहा तासांनी मोजलेला 99 यांत फार फरक असतो. ऑक्सिजन मोजताना आईला पाच मिनिटं शांत बसवा, बोट गार असेल तर चोळून गरम करा, मेंदी किंवा नेलपॉलिश असलेलं बोट टाळा. आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबा आणि जो टिकतो तोच लिहा. लावल्या लावल्या दिसलेला 88 घेऊन लोक घाबरून फोन करतात आणि दुसऱ्या बोटाला 96 निघतो.

सगळ्यांत उपयोगी आकडा मात्र फुकट मिळतो, आणि तो कुणी देत नाही. तो म्हणजे श्वासांची मोजणी. आई झोपलेली किंवा टीव्ही बघत असताना, तिला न सांगता, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किंवा छाती किती वेळा वर येते ते मोजा. सांगून मोजलं की माणूस आपसूक वेगळा श्वास घेऊ लागतो. मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 असतात. 24 किंवा जास्त असतील तर मी खुर्चीत सरसावून बसतो. 30च्या घरात असतील तर फोनवर बोलण्याची वेळ निघून गेलेली असते.

आता औषधं. खरी गडबड इथे असते. लोक लिहितात, "सर्दीची पिवळी गोळी, लाल सिरप आणि अँटिबायोटिक." रंगावरून मला काही कळत नाही, आणि ब्रँडची नावंही एकसारखी असतात. प्रत्येक स्ट्रिप उलटी करून मागच्या छपाईचा फोटो काढा. बाटलीच्या लेबलचाही काढा. फोटोखाली दिवसाला किती, कुठल्या तारखेपासून आणि आज घेतलं की नाही एवढं लिहा. मेडिकलवाल्याने कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या दिल्या असतील तर त्याही तळहातावर घेऊन फोटो काढा आणि पुडीतल्या म्हणून सांगा. अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉइडची बारीक गोळी असते. त्याने दोन दिवस खोकला आणि अंगदुखी जादूसारखी कमी होते, भूक वाढते आणि शुगर भडकते. मला नुसती भडकलेली शुगर दिसते, कारण दिसत नाही.

मागच्या छपाईचा फोटो का, ते एक हिशोब करून बघू. बाजारातल्या सर्दीच्या एका नेहमीच्या गोळीत पॅरासिटामॉल 500 मिग्रॅ, फेनिलेफ्रिन 10 आणि क्लोरफेनिरामिन 2 असतं. दिवसाला तीन घेतल्या. वर तापासाठी 650ची पॅरासिटामॉल तीन वेळा. घरच्यांच्या मते ही दोन वेगळी औषधं. प्रत्यक्षात पॅरासिटामॉल झालं 1500 अधिक 1950, म्हणजे 3450 मिग्रॅ. धडधाकट माणसासाठी दिवसाची मर्यादा 4000 धरतात. 52 किलोच्या, कमी जेवणाऱ्या 64 वर्षांच्या बाईसाठी मी ते 3000च्या आत ठेवतो. आता सिरप. त्यात 5 मिलीला 2 मिग्रॅ क्लोरफेनिरामिन असेल आणि ते 10 मिली तीन वेळा दिलं, तर त्यातून 12 आणि गोळ्यांतून 6, मिळून 18 मिग्रॅ. या वयाला 12 पुष्कळ झाले. मग आई दिवसभर गुंगीत असते, तोंड कोरडं पडतं, लघवी अडखळते, बेडका घट्ट होऊन सुटत नाही, आणि घरचे म्हणतात खोकल्याने फार थकली. फेनिलेफ्रिनने बीपी चढतं ते वेगळंच. हा सगळा हिशोब मला तीन फोटोंवरून एका मिनिटात करता येतो. फोटो नसतील तर तो होतच नाही, आणि मी त्यावर चौथं औषध लिहून मोकळा होतो.

रोजच्या गोळ्याही लिहा. बीपीच्या गोळीच्या घटकाचं नाव "प्रिल"ने संपत असेल, म्हणजे रॅमिप्रिल, एनालाप्रिल वगैरे, तर त्या गोळीनेच घशात खवखवून कोरडा खोकला येऊ शकतो, अगदी काही महिने घेतल्यानंतरही. पण ताप आणि बेडका असताना सगळा दोष त्या गोळीवर टाकता येत नाही. आणि ती आपल्या मनाने बंदही करायची नाही, फक्त विचारायचं. काढ्याचाही उल्लेख करा. ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. घरगुती आहे म्हणून त्याला औषधांच्या यादीतून वगळू नका.

या सगळ्याचा निरोप साधारण असा होतो. मोबाइलच्या एका-दीड स्क्रीनमध्ये मावतो. ऑडिओ पाठवू नका. चार मिनिटांची नोंद पेशंट तपासता तपासता ऐकता येत नाही, वाचता येतं. खोकल्याचा आवाज वेगळाच वाटत असेल, शिट्टीसारखा किंवा घरघर, तर वीस सेकंदांची तेवढीच क्लिप जोडा.

> डॉक्टर, नमस्कार. आईसाठी लिहितेय. वय 64, वजन 52 किलो. बीपी, शुगर 9 वर्षं, तुमचंच औषध. तुम्हाला शेवटचं ऑगस्टमध्ये दाखवलं होतं. सल्फाच्या गोळीने पुरळ आलं होतं.
>
> त्रास: खोकला, सोमवार 3 नोव्हेंबरपासून. आज सोमवार 10.
>
> सोम ते बुध: सर्दी, घसा दुखणं, कोरडा खोकला, ताप 100पर्यंत. गुरुवारी ताप नव्हता, स्वयंपाकही केला. शुक्रवारी रात्री थंडी वाजून ताप 101.8. तेव्हापासून पिवळा बेडका, रात्री 3-4 वेळा ढास. रविवारपासून खोकताना आणि खोल श्वास घेताना उजव्या बरगडीखाली टोचतं. काल एका जिन्यात दोनदा थांबली, मागच्या आठवड्यात थांबत नव्हती. जेवण निम्मं. पाणी पिते, उलटी नाही.
>
> आज संध्याकाळी 6 वाजता (तापाची गोळी दुपारी 1 ला): ताप 101.2, नाडी 104, ऑक्सिजन 94-95, श्वास मिनिटाला 24, बीपी 152/90. सकाळची उपाशीपोटी शुगर 212, एरवी 130-140.
>
> नाही: बेडक्यात रक्त, बोलताना धाप, असंबद्ध बोलणं, पायाला सूज. घरात नातवाला सर्दी होती. टीबीचं कुणी नाही.
>
> औषधं (फोटो जोडलेत): 1) सर्दीची गोळी दिवसाला 3, मंगळवारपासून, आजही. 2) पॅरासिटामॉल 650 दिवसाला 3, शुक्रवारपासून. 3) खोकल्याचं सिरप 10 मिली तीनदा, बुधवारपासून. 4) अझिथ्रोमायसिन 500 रोज 1, बुध ते शुक्र, तीन गोळ्या संपल्या. 5) रोजचं: टेल्मिसार्टन 40, मेटफॉर्मिन 500 दोनदा, चुकलेलं नाही. 6) ज्येष्ठमधाचा काढा दोनदा.
>
> विचारायचंय: यातलं आज रात्रीच काय बंद करू? फोनवर भागेल की दाखवायला आणू, एक्स-रे आधी काढू का? काय दिसलं तर रात्री थेट हॉस्पिटलला नेऊ?

प्रश्न तीनच आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर करण्याजोगं आहे. "न्यूमोनिया तर नसेल ना?" हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न, पण फोनवर त्याचं खरं उत्तर कुणाकडेच नसतं. आणि "गारठ्याने झालं का, दही दिलं होतं" यावर बोलत बसलं की पाच मिनिटं जातात आणि औषधांचं राहून जातं. तुम्ही वाटलं तर विचारा, पण शेवटी.

"नाही" ची ओळही गाळू नका. रक्ताचं काही लिहिलं नसेल, तर रक्त नव्हतं की तुम्ही बघितलंच नाही, हे मला कळत नाही.

फोनच्या वेळी आई शेजारी हवी. तुम्ही कितीही छान सांगितलं तरी मी म्हणणार, "आईंकडे द्या," आणि त्यांना जेवणात काय खाल्लं ते विचारणार. मला जेवणाशी कर्तव्य नसतं. वाक्य सलग येतं की तुकड्या-तुकड्यांनी, ते ऐकायचं असतं. थर्मामीटर, ऑक्सिमीटर आणि औषधांची पिशवी जवळ ठेवा.

फोनवर काय लिहून देता येतं यालाही मर्यादा आहेत. 2020 साली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांनुसार आधी प्रत्यक्ष तपासलेल्या पेशंटला त्याच आजारासाठी सहा महिन्यांपर्यंत फोनवर पुढचं औषध देण्याची मोकळीक जास्त आहे. नव्या आजारात, नुसत्या आवाजावर, ती फार थोडी आहे. म्हणून शेवटचं कधी आणि कशासाठी दाखवलं ते निरोपात हवं. आणि कोडीनचं सिरप फोनवर मागू नका. ते अमली पदार्थांच्या कायद्यात येतं, फोनवर लिहून देताच येत नाही.

आता वरच्या निरोपावर मी काय केलं असतं ते सांगतो. सकाळची वाट बघितली नसती, वाचल्यावर लगेच फोन लावला असता. मधला गुरुवार बरा गेलाय आणि शुक्रवारी थंडी वाजून ताप उसळलाय. अझिथ्रोमायसिन चालू असतानाच तो चढलाय, म्हणजे तेच पुन्हा देण्यात अर्थ नाही. खोल श्वासाला एकाच बाजूला टोचतंय, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणापर्यंत सूज गेली असेल. श्वास 24, नाडी 104, वर शुगर. 94-95 हा ऑक्सिजन आज ठीक आहे, पण फार मोकळीक देणारा नाही. हे सगळं मिळून उजव्या बाजूचा न्यूमोनिया असण्याची शक्यता इतकी होते की छाती तपासल्याशिवाय आणि एक्स-रे बघितल्याशिवाय मी फोनवर दुसरं अँटिबायोटिक लिहिणार नाही. त्यातून लिव्होफ्लॉक्ससिनसारखं औषध घाईने दिलं आणि मुळात टीबी असला, तर तो काही दिवस झाकला जातो आणि निदान लांबतं.

फोनवर तुम्हाला सांगितलं असतं की सर्दीची गोळी, सिरप आणि काढा आत्ताच बंद. ताप वाढला तर पॅरासिटामॉल 650, सहा तासांच्या आत पुन्हा नाही, आणि दिवसभरात एकूण चारच्या वर नाही. बीपीची गोळी चालू ठेवा. मेटफॉर्मिनही, पण उलट्या सुरू झाल्या किंवा खाणं-पिणं अगदी सुटलं तर पुढचा डोस देण्याआधी मला विचारा. रात्री दर चार तासांनी ऑक्सिजन आणि श्वास मोजा. ऑक्सिजन 92च्या खाली टिकला, श्वास 30कडे गेले किंवा आई गोंधळल्यासारखी बोलू लागली, तर मला न विचारता हॉस्पिटलला निघा आणि वाटेत फोन करा. नाहीतर सकाळी 9 वाजता एक्स-रे काढून थेट माझ्याकडे या. नवं अँटिबायोटिक सुरू होण्याआधीचा, सकाळचा पहिला बेडका स्वच्छ डबीत घेऊन या, आणि औषधांची ती पिशवी बरोबर आणा, पुडीतल्या सुट्या गोळ्यांसकट.